एकट्या आईबरोबर मूल परदेशी निघते तेव्हा



उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी मामाच्या गावाला जायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पण अलीकडे पुष्कळ घरांत हा मामाच कॅनडात किंवा इंग्लंडात नोकरीला गेलेला असतो. तो बहिणीला आणि भाचरांना बोलावतो. बहीण निघते, पण दाजींचा पाय निघत नाही. एप्रिलात द्राक्षाची खरड छाटणी झालेली असते, मे महिन्यात काडीची विरळणी, पाणी आणि फवारण्या चालू असतात. गोठ्यातल्या दुभत्या जनावरांना तर सुट्टी नसतेच. मग आई एकटीच मुलाला घेऊन निघते. अशा वेळी कोणते कागद लागतात, असे शेतकरी मेळाव्यात पिकाचे प्रश्न संपल्यावर मला हळूच विचारणारे आता पुष्कळ भेटतात. म्हणून आज त्याच विषयावर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या देशातल्या देशात आई किंवा बाप एकट्याने मुलाला एसटीने, रेल्वेने किंवा विमानाने नेत असेल, तर दुसऱ्याचे संमतिपत्र कोणी मागत नाही. तसा नियम नाही. मुलाच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स आणि आधार कार्ड पिशवीत असले म्हणजे तिकिटाला, वयाला आणि लॉजवर पुरते. खरा प्रश्न देशाची हद्द ओलांडताना येतो.

परदेशात हा कागद का मागतात, ते समजून घेतले म्हणजे त्याचा राग येणार नाही. नवराबायकोचे बिनसले आणि एकाने दुसऱ्याला न सांगता मूल उचलून दुसऱ्या देशात नेले, असे जगभर घडते. एकदा मूल दुसऱ्या देशात गेले की तिथल्या कोर्टात जाऊन ते परत आणणे फार अवघड असते. यासाठी १९८० साली हेग या शहरात देशादेशांमध्ये एक करार झाला. कॅनडा आणि इंग्लंड त्या करारात आहेत. आपला देश त्यात सामील झालेला नाही. त्यामुळे एकटी आई किंवा एकटा बाप मुलासह विमानातून उतरला की तिथला अधिकारी मनात एकच प्रश्न धरून असतो. मागे राहिलेल्या पालकाला हे माहीत आहे काय आणि मान्य आहे काय? या प्रश्नाचे लेखी उत्तर म्हणजे संमतिपत्र. त्यात आईवर अविश्वास नाही. बाप एकटा मुलाला घेऊन निघाला, तर आईचे असेच पत्र त्याच्याजवळ असावे लागते. मूल चुलत्याबरोबर किंवा आजीबरोबर जाणार असेल, तर आईबाप दोघांच्या सह्या हव्यात.

आता एक घर डोळ्यांसमोर धरू. तासगावकडचे द्राक्षबागायतदार, त्यांची पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी. आईला मुलीसह मे महिन्यात टोरांटोला भावाकडे पाच आठवडे जायचे आहे. या घराने दिवाळी झाल्याबरोबर कामाला लागावे. मार्चमध्ये जाग आली तर सुट्टी हुकलीच म्हणून समजा.

पहिला कागद जन्माचा दाखला. आई आणि मूल यांचे नाते दाखवणारा हाच मूळ पुरावा आहे. इथेच आपल्याकडे दोन अडचणी हमखास निघतात. पहिले बाळंतपण माहेरी होते आणि जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. तेव्हा दाखल्यासाठी सासरच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नाही. माहेरच्या ज्या गावी किंवा शहरी दवाखाना होता, तिथल्या ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत जावे. दुसरी अडचण अशी की दवाखान्याने नोंद केली तेव्हा बारसे झालेले नसते. नोंदीत आईबापाची नावे असतात, पण बाळाच्या नावाची जागा मोकळी राहते. जन्म नोंदल्यापासून बारा महिन्यांत नाव फुकट घालता येते. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. आपल्या उदाहरणातली मुलगी नऊ वर्षांची आहे, म्हणजे तिचे काम होऊ शकते.

दाखला हातात आल्यावर तो घरी नेऊन नुसता कपाटात ठेवू नका. सातबारा आणि आधारवरची नावे जुळतात का हे आपण बघतो, तसा तो आईच्या आणि बापाच्या कागदांशेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. गावात ज्यांना सगळे बाळासाहेब म्हणतात, त्यांचे शाळेच्या दाखल्यावरचे नाव दत्तात्रय असते. दवाखान्यात विचारल्यावर घाईत बाळासाहेब सांगितले जाते आणि तेच मुलीच्या जन्मदाखल्यावर चढते. आईचे तर बहुधा दोन नावांत जगणे असते. पासपोर्ट किंवा शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा आणि मुलीच्या दाखल्यावर सासरचे नाव. आपल्याला हे ओघाचे वाटते. टोरांटोच्या खिडकीत बसलेल्या माणसाला मात्र त्या दोन निराळ्या बायका वाटतात.

यावर उपाय असा. बापाचे नाव चुकीचे पडले असेल, तर जिथे नोंद आहे तिथल्या निबंधकाकडे शाळेचा दाखला आणि आधार जोडून दुरुस्तीचा अर्ज करावा. आईच्या दोन नावांना जोडणारा दुवा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. त्यात लग्नाआधीचे नाव आणि नवऱ्याचे नाव दोन्ही असतात. लग्नाची नोंद राहून गेली असेल तर ती आता करून घ्या. नवा संगणकावरचा जन्मदाखला मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत येतो, तोच घ्यावा. जुना फक्त मराठीतला दाखला कॅनडाच्या व्हिसाला द्यायचा झाला, तर त्याचे इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे शपथपत्र जोडावे लागते. हे भाषांतर घरच्या नातेवाइकाने केलेले चालत नाही. तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याकडून ते करून घेऊ नका.

दुसरा कागद मुलीचा पासपोर्ट. अर्ज passportindia.gov.in या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो आणि मग दिलेल्या दिवशी केंद्रावर जायचे असते. आता बऱ्याच ठिकाणी पोस्टातच ही केंद्रे झाली आहेत. अज्ञान मुलाच्या अर्जाला अ‍ॅनेक्शर डी नावाचे एक निवेदन जोडावे लागते. त्यावर आईबाप दोघांच्या सह्या असतात आणि मुलाला पासपोर्ट देण्यास दोघांची हरकत नाही असे त्यात लिहिलेले असते. २०१६ च्या अखेरीस नियम बदलले, तेव्हापासून हे निवेदन साध्या कागदावर चालते. त्याला नोटरी नको आणि मॅजिस्ट्रेटची सहीही नको. कोणी त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. बापाची सही मिळतच नसेल, तो घर सोडून गेला असेल किंवा घटस्फोट न होता वेगळा राहत असेल, तर आईने अ‍ॅनेक्शर सी भरावे. त्यात दुसऱ्या पालकाची संमती का नाही ते खरे खरे लिहायचे असते.

लहान मुलाचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचा असतो. थोरल्यासाठी मागे काढलेला असेल, तर त्याची मुदत आताच बघून ठेवा. आणि हे ध्यानात घ्या की अ‍ॅनेक्शर डी वर बापाने सही केली, ती फक्त पासपोर्ट देण्यापुरती. प्रवासाची संमती त्यातून सिद्ध होत नाही. पुष्कळ जण इथेच फसतात. पासपोर्टाला सही दिली आहे ना, मग आता वेगळे पत्र कशाला, असे म्हणतात. पासपोर्ट म्हणजे मुलाची ओळख. या प्रवासाला होकार हा निराळा विषय आहे.

आता मुख्य कागद, संमतिपत्र. कॅनडाच्या सरकारचे सांगणे असे आहे की एकाच पालकाबरोबर येणाऱ्या मुलाजवळ त्याचा स्वतःचा पासपोर्ट, जन्मदाखल्याची प्रत आणि मागे राहिलेल्या पालकाने सही केलेले पत्र असावे. पत्र शक्यतो इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये असावे. त्यावर त्या पालकाचा पत्ता आणि फोन नंबर असावा. सोबत त्याच्या पासपोर्टाची किंवा ओळखपत्राची प्रत जोडलेली असावी. आपल्या घरातल्या बापाचे पत्र मराठीत सांगायचे तर असे होईल :

‘मी, खाली सही करणार, (पूर्ण नाव), राहणार (गाव, तालुका, जिल्हा, पिन), (मुलीचे पूर्ण नाव) हिचा वडील असून तिचा जन्म (तारीख) रोजी (गाव) येथे झाला. तिचा पासपोर्ट क्रमांक (...) आहे. माझी मुलगी तिची आई (पूर्ण नाव), पासपोर्ट क्रमांक (...), हिच्याबरोबर (तारीख) ते (तारीख) या काळात कॅनडात माझे मेहुणे (पूर्ण नाव, पत्ता, फोन) यांच्याकडे राहण्यास जात आहे. या प्रवासास माझी पूर्ण संमती आहे. या काळात मुलगी आजारी पडल्यास उपचाराचा निर्णय घेण्याचा अधिकार तिच्या आईला आहे. माझ्याशी (देशाच्या ९१ या आकड्यासह मोबाइल नंबर) व (दुसरा नंबर) यांवर बोलता येईल.’ खाली सही, तारीख आणि ठिकाण.

एवढे पुरे. लांबलचक, कोर्टाच्या भाषेतले पत्र लिहिण्याची गरज नाही. मात्र त्यातल्या काही जागा नीट समजून घ्या.

तारखांची गोष्ट अशी. व्हिसा हातात येण्याआधी तिकीट काढणे धोक्याचे असते, पण संमतिपत्र तर व्हिसाच्या अर्जालाच जोडावे लागते. म्हणून पत्र दोनदा करावे. पहिल्या पत्रात ‘१ मे ते २० जून या दरम्यान सुमारे पाच आठवडे’ असे मोघम लिहावे. व्हिसा मिळून तिकीट काढल्यावर दुसरे पत्र नक्की तारखांचे करावे आणि परतीच्या तारखेपुढे आठवडाभराची मोकळीक ठेवावी. विमान रद्द झाले किंवा मूल तापाने पडले, तर परतीचा दिवस पुढे जातो आणि पत्राची मुदत आधीच संपलेली असते. व्हिसासाठी आईला बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर जावे लागते. चौदा वर्षांच्या आतल्या मुलांना ठसे नसतात.

सहीची गोष्ट त्याहून महत्त्वाची. पत्रावरची सही आणि जोडलेल्या ओळखपत्रावरची सही एकच दिसली पाहिजे. आपल्याकडे बँकेत इंग्रजीत आणि सोसायटीत मराठीत सही करणारे पुष्कळ आहेत. शिवाय आधार कार्डावर धारकाची सही नसतेच. तेव्हा बापाकडे पासपोर्ट नसेल, तर आधारबरोबर पॅन कार्डाची प्रतही जोडावी आणि पॅनवर जशी सही आहे तशीच पत्रावर करावी. पत्रावर नोटरीचा शिक्का असलाच पाहिजे असे नाही, पण तालुक्याला जाऊन तो घ्यावा असे मी सांगेन. नोटरी ओळखपत्र पाहून आपल्यासमोर सही करवतो आणि नोंदवहीत नोंद करतो. त्यामुळे सही खरोखर त्याच माणसाची आहे याला साक्ष राहते. बापाला इंग्रजी येत नसेल तर पत्र त्याला मराठीत वाचून दाखवावे आणि तसे वाचून दाखवल्याचा शेरा नोटरीकडून घालून घ्यावा. अंगठा असेल तर हा शेरा हवाच.

‘दाजी बागेत आहेत, मीच त्यांची सही मारतो,’ म्हणणारा एजंट किंवा भाऊबंद भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. कॅनडाच्या कायद्यात खोटा कागद दिल्याचे उघड झाले तर पाच वर्षे त्या देशात येण्याची बंदी होते. ती एजंटावर पडत नाही, अर्जदारावर पडते. एका दिवसाचा तालुक्याचा हेलपाटा वाचवण्यासाठी पाच वर्षे भावाच्या घराचे दार बंद करून घेण्यात काय शहाणपण?

आता प्रवासाचा दिवस. मूळ पत्र, मूळ जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला, बापाच्या ओळखपत्राच्या प्रती, परतीचे तिकीट आणि भावाचे निमंत्रणपत्र हे सगळे एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून आईने हातातल्या पिशवीत ठेवावे. मोठ्या बॅगेत मुळीच ठेवू नये. ती बॅग मुंबईला विमान कंपनीच्या ताब्यात जाते आणि अधिकाऱ्याची खिडकी ओलांडल्यानंतरच परत हाती येते. प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स घरी बापाजवळ आणि एक भावाजवळ असू द्या. वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलायचे असेल, तर त्या देशाचा वेगळा व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधीच विचारून घ्या.

मुंबईला विमान कंपनीचा माणूस आणि आपल्या सरकारचा अधिकारी कागद पाहतात. कोणी संमतिपत्र मागेल, कोणी मागणार नाही. मागितले नाही म्हणून ते फेकू नका, कारण विमान उतरल्यावर ते लागू शकते. तिथे आईला विचारतील की किती दिवस राहणार, कोणाकडे राहणार, मुलीचे वडील कुठे आहेत. मुलीलाही विचारतील. मुलीला आधीच सांगून ठेवा की खरे तेच बोलायचे. ‘पप्पा शेतावर आहेत, आम्ही शाळा सुरू व्हायच्या आत परत जाणार,’ हे तिचे साधे उत्तर कोणत्याही कागदापेक्षा कमी नाही. पोपटासारखे पाठ करून घेतलेले उत्तर मात्र लगेच ओळखू येते.

आणि शेवटी फोन. अधिकाऱ्याला शंका आली तर तो बापाला फोन लावू शकतो. उन्हाळ्यात टोरांटोचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असते. विमान तिथे दुपारी चारला उतरले, तर आपल्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. त्याच रात्री शेताला रात्रपाळीची वीज असेल, बाप मोटरीवर गेला असेल आणि तिथे रेंज नसेल, तर फोन वाजणारच नाही. म्हणून विमान उतरण्याच्या वेळेनंतर तीन-चार तास बापाने रेंज असलेल्या जागी, फोन चार्ज करून जागे राहावे. पत्रातला दुसरा नंबर घरातल्या अशा माणसाचा द्यावा, ज्याला इंग्रजीत चार वाक्ये बोलता येतात आणि प्रवासाची सगळी माहिती आहे. अनोळखी परदेशी नंबर दिसला म्हणून त्या रात्री फोन कापू नका.

सगळ्याच घरांत बाप पत्र देण्याला असतो असे नाही. वडील वारले असतील तर संमतिपत्राच्या जागी त्यांचा मृत्यूचा दाखला जोडावा. त्यावरचे नाव जन्मदाखल्यावरच्या नावाशी जुळले पाहिजे. घटस्फोट झाला असेल तर मुलाचा ताबा कोणाकडे, हे सांगणाऱ्या कोर्टाच्या हुकूमाची प्रत न्यावी. हुकूमात दुसऱ्या पालकाला मुलाला भेटण्याचा हक्क ठेवलेला असेल, तर नुसत्या ताब्यावर विसंबू नका, त्याचेही पत्र घ्या. आणि ताब्याचा दावा अजून कोर्टात चालू असेल, तर कोर्टाची परवानगी घेतल्याशिवाय मुलाला देशाबाहेर नेऊ नका. तिथे कोणतेही घरगुती पत्र कामाला येत नाही.

संमतिपत्र होते म्हणजे आत सोडलेच पाहिजे, असा हक्क मिळत नाही. शेवटचा निर्णय त्या देशाच्या अधिकाऱ्याचाच असतो. पण नावे जुळलेली, सही खरी आणि पलीकडे फोन उचलणारा बाप, एवढे असले की आईला खिडकीसमोर मान खाली घालून उभे राहण्याची पाळी सहसा येत नाही. दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे झाले की पहिल्यांदा मुलीचा जन्मदाखला काढून पाहा. त्यावर तिचे नाव आहे ना?